प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमधून सुरक्षा-चेकलिस्ट कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्युनिअर कॉलेजचे शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच प्रयोग घेतला आहे: ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशिअम परमँगनेटचं टायट्रेशन. बारावीला तो बहुतेक सगळे करतात आणि "यात काय धोका?" असंही बहुतेक सगळेच म्हणतात, म्हणून मुद्दाम तोच निवडला.

१. मॅन्युअलमध्ये शेवटी 'खबरदारी' असतेच. मग वेगळी चेकलिस्ट कशाला?

ती खबरदारी कुठे छापलेली असते ते बघा. कृती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष, आणि त्यानंतर. मुलगा तिथपर्यंत पोचतो ते जर्नल पूर्ण करताना, म्हणजे प्रयोग होऊन आठवडा उलटल्यावर. शिवाय तिच्यातली निम्मी वाक्यं उत्तर बरोबर यावं म्हणून असतात: ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा नको, शेवटचा बिंदू चुकवू नका. डोळ्यांचा आणि हातांचा विचार त्यात फारसा नसतो.

चेकलिस्टमध्ये धोका त्या त्या कृतीच्या एक ओळ आधी येतो. मॅन्युअल निकालाच्या क्रमाने लिहिलेलं असतं. चेकलिस्ट हात कुठून कुठे जातो त्या क्रमाने लिहायची. बाकीची सगळी कामं या एका फरकातून निघतात.

२. सुरुवात कुठून करायची? मॅन्युअलचं पान समोर आहे, पुढे काय?

आधी क्रियापदांखाली रेघा मारा. बहुतेक मॅन्युअलमध्ये साधारण असं वाक्य सापडतं: "१० मिली ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या, त्यात एक टेस्टट्यूब भरून विरल सल्फ्युरिक आम्ल घाला, ६०–७० अंशांपर्यंत तापवा आणि गरम असतानाच फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत टायट्रेट करा."

वाक्य एकच, पण कामं पाच आहेत: पिपेटने घेणं, आम्ल ओतणं, तापवणं, गरम फ्लास्क उचलून ब्युरेटखाली नेणं आणि टायट्रेट करणं. चौथं काम मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच नाही, आणि मुलांचे हात भाजतात ते नेमकं तेव्हा. क्रियापदं सुटी केली की अशी न लिहिलेली कामं वर येतात.

दुसऱ्या वाचनात मोघम शब्द शोधा. "एक टेस्टट्यूब भरून" म्हणजे किती? नेहमीच्या टेस्टट्यूबमध्ये वीसेक मिली मावतं, पण लहान ट्यूबही त्याच स्टँडमध्ये असतात. तिथे "१० मिली, मेजरिंग सिलिंडरने" असं लिहा. "सावकाश", "थोडेसे", "आवश्यकतेनुसार" या शब्दांच्या जागी आकडा किंवा डोळ्यांना दिसणारी खूण आली पाहिजे. दोन्ही मिळत नसेल तर प्रयोग एकदा स्वतः करून बघा. आम्हालाही तेच करावं लागतं.

तिसरं वाचन उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे. टायट्रेशन संपल्यावर फ्लास्कमध्ये काय उरलं? ब्युरेटमध्ये काय उरलं? ते कुठे जाणार? कचऱ्याचा विचार आधी झाला, तर टेबलावर कोणती भांडी लागतील ते साहित्याच्या यादीतच येतं.

३. साहित्याच्या यादीत प्रमाण किती काटेकोर लिहायचं?

पूर्ण बॅचचं लिहा. एका विद्यार्थ्याचं प्रमाण लिहून सहायकाला पटीत गुणायला लावलं की तो सुरक्षिततेपोटी दुप्पट करून ठेवतो. जास्तीचं द्रावण म्हणजे जास्तीचा कचरा.

आमचा हिशेब असा. २० मुलांची बॅच, दोघांत एक, म्हणजे १० ब्युरेट. प्रत्येक जोडीची चार टायट्रेशन: एक अंदाजाचं आणि तीन पक्की. एका टायट्रेशनला ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १० मिली लागतं, आणि समोर ०.०२ मोलर परमँगनेट असेल तर तेही जवळजवळ १० मिलीच लागतं. धुण्यासाठी आणि ब्युरेट भरण्यासाठी लागणारं धरलं तरी दोन्ही द्रावणं एकेक लिटर पुरतात.

एक लिटर परमँगनेटसाठी ३.१६ ग्रॅम. एक लिटर ऑक्झॅलिक आम्लासाठी ६.३ ग्रॅम स्फटिक (पाण्याचे दोन रेणू असलेले, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं). १ मोलर सल्फ्युरिक आम्ल अर्धा लिटर, आणि त्यासाठी संहत आम्ल साधारण २८ मिली.

हे अर्धा लिटर आम्ल बनवण्याचं काम मुलांच्या चेकलिस्टमध्ये येत नाही. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये.

४. रसायनाचं सुरक्षा-पत्रक सोळा भागांचं असतं. त्यातलं चेकलिस्टमध्ये काय घ्यायचं?

मुलांसाठी फारच थोडं. भाग २ मधून धोका, भाग ४ मधून प्रथमोपचार, भाग १० मधून 'कशाशी एकत्र करू नये' आणि भाग १३ मधून विल्हेवाट. तेही प्रत्येक रसायनाची एकेक ओळ. आमच्या पानावर एवढंच आहे:

परमँगनेट स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जळायला मदत करतं. त्याची भुकटी ग्लिसरीनवर पडली तर आपोआप पेट घेते. कातडीवर तपकिरी डाग पडतो. ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेलं तर विषारी, आणि त्याची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा. विरल सल्फ्युरिक आम्ल डोळ्याला इजा करतं, आणि कपड्यावर पडून वाळलं की पाणी उडून जातं, आम्ल दाट होत जातं आणि दोन दिवसांनी तिथे भोक दिसतं.

भाग १० मधली एक ओळ मात्र आम्ही चौकटीत टाकली आहे: परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल कधीही एकत्र नाही. त्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड नावाचा तेलकट पदार्थ तयार होतो आणि तो स्फोटक आहे. "विरलची बाटली संपली, संहतमधून चार थेंब घेतो" हा शॉर्टकट म्हणूनच बंद. विरल सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घेणंही बंद, कारण परमँगनेट त्यातून क्लोरीन बाहेर काढतं. उत्तर चुकतं आणि खोकलाही येतो.

५. तयार झालेली चेकलिस्ट दिसते कशी?

विद्यार्थ्यांच्या पानाचा मुख्य भाग जसाच्या तसा देतो. प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन असतो, आणि जोडीतला एक जण वाचतो तेव्हा दुसरा करतो.

☐ गॉगल डोळ्यांवर (कपाळावर नाही). केस बांधलेले, ओढणी ॲप्रनच्या आत.
☐ पिपेटला रबरी बल्ब लावताना पिपेट टोकाजवळ धरा, टोक ओलं करा. *लांबून धरून दाबलं तर काच तळहातात मोडते.*
☐ ब्युरेटचा कॉक बंद. खाली रिकामा बीकर.
☐ ब्युरेट स्टँडसह खाली घ्या, तोंड खांद्याच्या खाली येईल इतकं. मगच परमँगनेट ओता. *स्टुलावर चढून नाही.*
☐ फनेल काढलं.
☐ १० मिली ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने फ्लास्कमध्ये.
☐ थांबा. आम्लाच्या बाटलीवर '१ M' लिहिलंय? जोडीदाराने मोठ्याने वाचलं?
☐ आम्ल १० मिली, सिलिंडरने.
☐ थर्मामीटर आत ठेवून ६०–७० अंशांपर्यंत तापवा. फ्लास्कचं तोंड भिंतीकडे. *उकळू देऊ नका: आम्ल बाहेर उडतं.*
☐ बर्नर बंद. मग फ्लास्क उचला, मानेला चिमटा किंवा जाड कापडाची घडी लावून.
☐ टायट्रेट करा. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. तो जाईपर्यंत पुढचा थेंब नाही.
☐ फ्लास्कमधलं 'मँगनीज कचरा' बादलीत. सिंकमध्ये नाही.
☐ ब्युरेटमध्ये उरलेलं 'उरलेलं परमँगनेट' बाटलीत. मूळ बाटलीत परत नाही.

पहिल्या थेंबांची ओळ खरं तर उत्तरासाठी आहे, तरी ती इथे ठेवली. ही अभिक्रिया सुरुवातीला मंद असते. तयार होणारे मँगनीजचे आयन तिला पुढे वेग देतात. मुलांना हे माहीत नसलं की रंग जात नाही म्हणून ती फ्लास्क पुन्हा बर्नरवर ठेवतात, किंवा धडाधड परमँगनेट सोडतात. मग फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. तो दिसला तर समजावं की आम्ल कमी पडलं, द्रावण थंड होतं किंवा घाई झाली. ते टायट्रेशन रद्द.

ब्युरेट वाचताना परमँगनेटच्या गडद रंगामुळे वरची कड वाचायची, ही सूचना मात्र आम्ही काढून निरीक्षण तक्त्याशेजारी टाकली. सगळं एका पानात कोंबलं तर पान कुणी वाचत नाही.

६. द्रावणं बनवण्याच्या पायऱ्या मुलांच्या पानावर घ्यायच्या का?

नाही. सहायकासाठी वेगळं पान करा, वेगळ्या रंगाच्या कागदावर. या प्रयोगातला सगळ्यात मोठा धोका आदल्या दिवशी सहायकाच्या हातात असतो, ते संहत आम्ल २८ मिली मोजताना.

त्या पानावर: निओप्रीनचे हातमोजे, गॉगल, ॲप्रन. बोरोसिलिकेट बीकरमध्ये आधी सुमारे ४०० मिली पाणी, बीकर थंड पाण्याच्या टबात. मग आम्ल पाण्यात, काचेच्या सळईच्या आधाराने, थोडं थोडं, ढवळत. पाणी आम्लात कधीच नाही, कारण वरच्या वर पाणी उकळून आम्लासकट उडतं. गार झाल्यावर ५०० मिली करायचं. गरम असताना मापाच्या भांड्यात ओतू नये. शेवटी लेबल: नाव, मोलर, तारीख, सही.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट. मुलांच्या पानावर ते नाहीत, आणि हे पाहून बरेच जण नाराज होतात. पातळ हातमोजे घालून गरम फ्लास्क धरला की हातमोजा कातडीला चिकटतो. या प्रयोगात मुलांनी हात कोरडे ठेवणं आणि लगेच धुणं जास्त उपयोगी पडतं. हातमोजे द्रावण बनवताना आणि कचरा हाताळताना घालावेत.

७. आमच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तोंडाने पिपेट ओढायला सांगितलंय. ती ओळ तशीच ठेवायची?

खोडायची, आणि मूळ मॅन्युअलवरही पेनाने खोडायची. ऑक्झॅलिक आम्लाबद्दल वर प्रश्न ४ मध्ये लिहिलंच आहे. बल्ब दहाच असतील तर दहाच जोड्या कामाला लागतील. बल्ब नाहीत म्हणून तोंड, हा पर्याय नाही.

८. काही उडालं किंवा सांडलं तर काय, हे कुठे लिहायचं?

पानाच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, तीनच ओळी. डोळ्यात काहीही गेलं: वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून, आणि पाणी चालू असतानाच कुणीतरी शिक्षकांना बोलवायचं. कातडीवर आम्ल: भरपूर पाणी, भिजलेला कपडा काढायचा, सोडा चोळायचा नाही. टेबलावर विरल आम्ल सांडलं: त्यावर खाण्याचा सोडा टाका, फेस थांबला की ओल्या फडक्याने पुसा.

सोडा कातडीवर नको आणि टेबलावर चालतो, हे मुलांना उलटं वाटतं. कातडीवर सोडा चोळण्यात पाण्याने धुण्याचा वेळ वाया जातो. टेबलाला ते सोसतं.

९. टायट्रेशनचा कचरा सिंकमध्ये, वर भरपूर पाणी. मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय. चूक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून हिशेबच मांडतो.

प्रश्न ३ मधल्या बॅचमध्ये ३.१६ ग्रॅम परमँगनेट गेलं. त्यात साधारण १.१ ग्रॅम मँगनीज असतं, आणि रंग गेला तरी मँगनीज जात नाही. सगळा कचरा धुण्याच्या पाण्यासह तीन लिटर धरला तर लिटरला ३७० मिलिग्रॅमच्या आसपास मँगनीज होतं. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मर्यादेत सांडपाण्यासाठी मँगनीज लिटरला २ मिलिग्रॅम आणि पीएच ५.५ ते ९ आहे. म्हणजे १८० पटींहून जास्त. नळ सोडून पाणी वाढवलं तरी मँगनीज तेवढंच गटारात जातं.

आम्ही काय करतो ते क्रमाने. १० लिटरची प्लॅस्टिकची बादली. छोटी नको; त्याचं कारण पुढे येतं. आधी सगळ्या फ्लास्कमधलं. मग उरलेलं ऑक्झॅलिक आम्ल आणि उरलेलं विरल सल्फ्युरिक आम्ल. मग उरलेलं परमँगनेट हळूहळू, ढवळत. इथे एक गंमत आहे: दोन्ही द्रावणं एकेक लिटर आणि एकमेकांना तोडीस तोड बनवलेली असल्याने ती जवळजवळ पूर्ण एकमेकांना संपवतात. तापवायलाही लागत नाही, कारण बादलीत मँगनीजचे आयन आधीच आहेत आणि तेच वेग देतात. रंग रेंगाळला किंवा तपकिरी दिसला तर ऑक्झॅलिक आम्लाची चिमूट.

पाणी रंगहीन झाल्यावर धुण्याचा सोडा (निर्जल, पांढरी पूड) चमच्याचमच्याने. आमच्या हिशेबाने सुमारे ५५ ग्रॅम लागतो, पण पीएच कागद बघतच जायचं. यात दहा-अकरा लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून बादली मोठी, खिडकी उघडी आणि घाई नाही. पीएच १० च्या आसपास आला की मँगनीज कार्बोनेटचा मळकट साका खाली बसायला लागतो. रात्रभर तसंच ठेवायचं. हवेने साका वरून तपकिरी होतो, ते ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी वरचं पाणी गाळून घ्या, थोड्या विरल आम्लाने पीएच ७–८ वर आणा आणि मग सिंक. गाळणकागदावरचा साका वाळवून 'मँगनीज साका' असं लेबल लावलेल्या बरणीत. एका बॅचमागे तो दोन-तीन ग्रॅम भरतो. धोकादायक कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. वर्षाच्या ५० ग्रॅमसाठी गाडी येत नाही, म्हणून आसपासची चार-पाच कॉलेजं मिळून एकदाच देतात.

१०. कचऱ्याची बाटली घट्ट बंद करून ठेवली तर? वास येणार नाही.

नका. आमच्याकडे एकदा फ्लास्कमधलं आणि उरलेलं परमँगनेट एकाच पाच लिटरच्या कॅनमध्ये टाकून झाकण आवळलं गेलं होतं. सोमवारी कॅन ढेरी सुटल्यासारखा फुगलेला, आणि झाकण सैल करताच फस्सकन जांभळट फवारा. अभिक्रिया रविवारीही चालूच होती. त्या दिवसापासून चेकलिस्टमध्ये दोन वेगळ्या भांड्यांची ओळ आली (प्रश्न ५ ची शेवटची दोन चौकोनं), आणि झाकण नेहमी अर्धा फेरा सैल.

११. सॉल्ट ॲनालिसिसची चेकलिस्ट कशी करायची? धोका लिहिला तर मुलाला सॉल्ट कळतं.

खरी अडचण आहे. "शिसे: विषारी" असं लिहिलं की परीक्षाच संपली. म्हणून इथे पान सॉल्टवार करायचं नाही, चाचणीवार करायचं. ब्राऊन रिंग चाचणीत संहत आम्ल असतं, मग सॉल्ट कोणतंही असो. क्रोमिल क्लोराइड चाचणीत डायक्रोमेट असतं. नेस्लरच्या द्रावणात पारा असतो. प्रत्येक चाचणीच्या आधी त्या अभिकारकाचा धोका लिहा, आणि प्रत्येक अनोळखी सॉल्ट शिशाचं आहे असं धरून हात धुवायला लावा.

सोडवता न येणारे धोके मात्र शिक्षकांच्या यादीत सोडवायचे, म्हणजे ती सॉल्ट द्यायचीच नाहीत. क्लोरेट हे त्यातलं पहिलं: संहत सल्फ्युरिक आम्लासोबत ते स्फोटक वायू देतं. चेकलिस्टची कितीही चौकोनं त्यावर उपाय नाहीत.

कचऱ्यासाठी टेबलावर तीन भांडी: शिसे आणि इतर जड धातू, क्रोमियम, पारा. पारा नेहमी वेगळा.

१२. कचऱ्याचं काम महिन्यातून एकदा एकदम केलं तर चालेल का?

मँगनीजच्या साक्याला चालतं. उरलेलं परमँगनेट त्याच दिवशी संपवलेलं बरं. पण एक द्रावण असं आहे की त्याला दुसरा दिवसही दाखवू नये: टॉलेन्सचं अभिकारक, म्हणजे अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट. ठेवून दिलं तर त्यातून स्फोटक चांदीची संयुगं तयार होतात, आणि मग बाटली नुसती हलवणंही धोक्याचं. त्याच्या चेकलिस्टमध्ये विल्हेवाटीची ओळ शेवटी नाही, 'आरसा दिसला' या ओळीच्या लगेच खाली आहे: टेस्टट्यूबमधलं उरलेलं द्रावण विरल नायट्रिक आम्लात, तास संपण्याआधी. सही शिक्षकांची, सहायकाची नाही.